एक जून की एक जानेवारी?

सोमवार, २६ जून २०२३

सकाळी ६:४०

चहा उकळायच्या आत फोन वाजला. "मॅडम, आज किती वाजता उघडणार?" ही शेवटची मुदत जवळ आल्याची खूण. पॅन आणि आधार जोडायची तारीख मार्चअखेरची होती, ती ३० जूनवर गेली. आता हातात सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. गुरुवारी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आलेत, म्हणजे सुट्टी. गावात निम्मी मंडळी पंढरपूरच्या वाटेवर आणि उरलेली निम्मी माझ्या दारात, असा हा आठवडा जाणार आहे.

सकाळी ९:१५

तालुक्याच्या गावात करसल्ल्याचं ऑफिस चालवणं म्हणजे काय, ते पायरीवरच्या चपलांवरून कळतं. आज अकरा जोड. पाऊस कालच सुरू झालाय, त्यामुळे सगळ्या चिखलाच्या.

आल्या आल्या सगळ्यांना एकच सांगते, कार्ड दाखवू नका. प्रत्येकाच्या हातात लॅमिनेट केलेलं आधार आणि घासून पुसट झालेलं पॅन असतं. दोन्हीवर नाव सारखंच दिसतं, मग जुळत नाही कसं, असं विचारतात. पण जुळवणी कार्डांची होतच नाही. ती होते आधारच्या नोंदीची आणि आयकर खात्याकडच्या पॅनच्या नोंदीची. कार्ड हा त्या नोंदीचा छापला त्या दिवशीचा फोटो. नंतर कुणी मोबाइल बदलायला आधार केंद्रात गेलं असेल आणि तिथे नावाचं स्पेलिंगही हललं असेल, तर घरातलं जुनं कार्ड ते सांगणार नाही.

म्हणून पहिलं काम ताजं ई-आधार उतरवून घेणं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि फाइल मिळते. तिला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. हा पासवर्ड माझा पहिला तपासनीस आहे.

पहिलेच गृहस्थ ज्ञानेश्वर नावाचे, जन्म १९७२. मी टाइप केलं DNYA1972. उघडलं नाही. त्यांना वाटलं माझा हात चुकला. मी GYAN1972 टाकलं आणि फाइल उघडली.

"हे काय झालं?"

"तुमचं नाव त्या दिवशी कुणी भरलं, त्याचा पुरावा मिळाला."

ज्ञ चं इंग्रजी आपण 'डी-एन-वाय' करतो, हिंदी वळणाचा माणूस 'जी-वाय' करतो. आधार काढताना ऑपरेटरनं इंग्रजीत Gyaneshwar घातलं, हे दहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पॅनवर Dnyaneshwar. आणि हे गृहस्थ जोडणीच्या अर्जात 'आधारप्रमाणे नाव' या चौकटीत प्रत्येक वेळी पॅनवरचं नाव घालत होते. ती चौकट शब्दशः घ्यायची असते. आधारमध्ये चुकीचं असलं तर तिथेही चुकीचंच लिहायचं. अक्षराला अक्षर तसं घातलं, ओटीपी आला, विनंती तपासणीसाठी आधार प्राधिकरणाकडे गेल्याचा निरोप पडद्यावर उमटला. संध्याकाळी `Link Aadhaar Status` बघून फोन करते म्हटलं. नावातला थोडा फरक खपून जातो. जन्मतारीख आणि लिंग मात्र तंतोतंत लागतं.

सकाळी १०:०५

एक आजोबा जोडणीच्या हजार रुपये शुल्कासाठी पाचशेच्या दोन नोटा पुढे करून उभे. पॅनवरची जन्मतारीख १९४१ ची. ऐंशी पूर्ण झालेल्यांना हे जोडणं सक्तीचं नाही, २०१७ च्या अधिसूचनेतच ती सूट आहे. त्यांना पटेना. "बँकेतला पोरगा म्हणाला, नाय केलं तर पैसे बुडतील." नोटा त्यांच्या खिशात मीच परत घातल्या, आणि बँकेतल्या पोराला दाखवायला अधिसूचनेचं पान छापून दिलं. जाताना म्हणाले, "मग एवढं येऊन काय काम झालं?"

सकाळी १०:३०

आजचं खरं काम आता आलं. त्यांना इथे शालनमावशी म्हणते, नाव बदललंय. वय चौसष्ट. नवरा गेल्यावर जमीन विकून आलेले दहा लाख मुदत ठेवीत आहेत, सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार व्याज. तेवढ्यावर घर चालतं. दुसरं उत्पन्न नसल्यानं कर बसत नाही. बँकेत १५एच अर्ज दिलेला असतो, म्हणून टीडीएसही कापत नाहीत. पॅन निष्क्रिय झालं, तर तो १५एच कागदाच्या भावाचा होतो आणि व्याजातून थेट वीस टक्के कापले जातात.

सोबत पुतण्या, पुण्याला कंपनीत असलेला, सुट्टी टाकून आलेला. त्यानं हजार रुपये आधीच भरलेत, तेही नीट. `e-Pay Tax` मध्ये `Other Receipts (500)` याच खात्यात. इथे बरेच जण आगाऊ कराच्या खात्यात टाकून बसतात आणि मग पोर्टल पैसे दिसत नाहीत म्हणतं. याचे दिसतात. पण जोडणीची विनंती तीनदा फेटाळली गेलीय.

"मॅडम, आता परत हजार भरायला लागतील का?"

"नाही. जुळलं नाही म्हणून विनंती पडली, तरी चलन तसंच राहतं. त्याच चलनावर पुन्हा करायचं."

त्याचा चेहरा जरा सैल झाला. मावशींचा नाही. त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ओळीनं मांडले, पत्ते मांडावेत तसे. आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९५९. पॅनवर ०१/०६/१९५९. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, घडीवर फाटलेला चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावरही एक जून.

महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांना वाढदिवस विचारा, निम्मे एक जून सांगतील. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख कुणाला ठाऊक नसायची. जून महिन्यात शाळा सुरू, वय बसायला हवं, मग मास्तर एक जून लिहून मोकळे. पुढे आधार आलं, तेव्हा दाखला घरी राहिला होता आणि फक्त साल माहीत होतं, त्यांच्या पदरात एक जानेवारी पडली. म्हणजे मावशींचे दोन्ही वाढदिवस दुसऱ्याच्या टेबलावर जन्माला आलेले. पॅन काढताना दाखला लावला होता, आधार काढताना नुसतं साल सांगितलं होतं. हा सगळा घोळ एवढाच.

"मावशी, खरा जन्म कधीचा?"

"आई म्हणायची, भातलावणी चालली होती."

म्हणजे जुलै. दोन्ही कागद चुकीचे.

सकाळी ११:१५

तारखेचा फरक सापडला की लोक थांबतात. मी थांबत नाही, कारण फटकन दिसणारी चूक बहुतेक वेळा एकटी नसते. नाव, तारीख आणि लिंग या तिन्हींची जुळणी होते. त्यातलं लिंग आधारवर छापलेलं असतं, पण पॅनच्या कार्डावर नसतं. तिथे चूक असली तर कार्ड उलटंपालटं करून काही दिसणार नाही.

मावशींचं आयकर पोर्टलवर खातं आहे. दोन वर्षांपूर्वी १५एच द्यायचा राहिला होता, टीडीएस कापला गेला, तो परत आणायला मीच विवरणपत्र भरलं होतं. लॉगिन करून प्रोफाइल उघडलं. ही माहिती पॅनच्या नोंदीतूनच येते.

`Gender: Male`

पुतण्या हसला. मावशींनी विचारलं काय झालं, त्यानं सांगितलं, तेव्हा त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. हे पान दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर होतं. विवरणपत्राची घाई, परताव्याचा आकडा, बँक खातं, एवढं सगळं बघितलं आणि हेच निसटलं. पॅन काढताना एजंटनं अर्जात 'श्री' वर खूण केली असणार. तेव्हा पकडलं असतं, तर आज हा खेटा पडला नसता.

दुपारी १२:००

आता रस्ते दोन. पहिला झटपट. माहिती जुळत नसेल तर पॅन सेवा देणाऱ्या प्रोटीअन आणि यूटीआयआयटीएसएल या संस्थांच्या ठरावीक केंद्रांवर बोटाचा ठसा देऊन जोडणी करता येते. पन्नास रुपये, मूळ पॅन, मूळ आधार आणि हजाराच्या चलनाची प्रत. ठसा जुळला की माणूस तोच आहे हे सिद्ध झालं, मग तारीख-लिंगाच्या फरकावर अडत नाही. असं केंद्र आमच्या गावात नाही, जिल्ह्याला आहे. एसटीनं सव्वा तास.

दुसरा रस्ता नोंद दुरुस्त करण्याचा, त्याला दिवस लागतात.

मी पहिला सुचवला, पण एक शंका ठेवून. मावशींचा हात हातात घेऊन अंगठा बघितला. चाळीस वर्षं भांगलण, खुरपणी, राखेनं घासलेली भांडी. अंगठ्यावरच्या रेषा पाटा-वरवंट्यासारख्या गुळगुळीत. रेशनच्या मशीनवर अंगठा लागतो का विचारलं.

"कवा लागतो, कवा न्हाय. दुकानदार दुसरं बोट लाव म्हणतो."

"मग तिथेही दहाही बोटं लावून बघायला सांगा. हात आधी कोरडे पुसा. एसटीत खिडकीला बसून पावसात हात भिजवू नका." शेवटचं वाक्य पुतण्यासाठी होतं.

साडेबाराच्या गाडीनं गेले.

दुपारी १:३०

डबा. मेथी गार झालेली. मधे एक मुलगी आली, लग्न होऊन चार वर्षं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. नाव आणि आडनाव दोन्ही बदललंय, म्हणजे हा किरकोळ फरक नाही, हे आपोआप जुळणारच नाही. विवाह नोंदणीचा दाखला लावून पॅनवर नाव बदलायला लागेल. तिची भीती वेगळीच होती, पॅन नंबर बदलला तर पगाराचं काय? नंबर बदलत नाही. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं, ते माहेरचंच राहतं. सासरचं नाव लावलं तरी त्या नंबरात तेवढं एक अक्षर वडिलांकडचं उरतं. आणि अर्जात वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव घालू नको, हे तिला दोनदा बजावलं.

दुपारी ३:५०

पुतण्याचा फोन. "मॅडम, दहाही बोटं झाली. एकपण घेईना."

रांग मोठी होती, ऑपरेटरनं तीन-तीन वेळा लावून बघितलं, कोरड्या रुमालानं पुसून बघितलं. डाव्या हाताची अनामिका एकदा जवळ आली आणि सटकली. पुढचा उपाय म्हणजे आधार केंद्रात शंभर रुपये भरून ठसे नव्यानं द्यायचे, ते नोंदीत चढेपर्यंत थांबायचं आणि परत इथे यायचं. चार दिवसांत हे होणार नाही. झालं तरी झिजलेल्या रेषा नव्या होणार नाहीत.

"परत या," म्हटलं. "आणि घाबरू नका. मी हिशेब मांडून ठेवते."

दुपारी ४:१५

हिशेब तारखांचा. मावशींच्या ठेवीचं व्याज तिमाहीला जमा होतं, साधारण साडेसतरा हजार. जूनअखेरचं व्याज ३० तारखेला पडेल, तेव्हा पॅन चालूच असेल. ते सुटलं. पॅन निष्क्रिय होईल १ जुलैपासून. पुढचं व्याज सप्टेंबरअखेर. तोपर्यंत पॅन पुन्हा चालू झालं नाही, तर साडेतीन हजार कापले जातील.

आता उलटं मोजू. दुरुस्तीचा अर्ज उद्या गेला तर दोन-तीन आठवडे धरू, म्हणजे जुलैचा मध्य. त्यानंतर जोडणीची विनंती. हजार भरून आधार कळवलं की तीस दिवसांत पॅन पुन्हा सक्रिय होतं, तसा नियमच आहे. म्हणजे फार तर ऑगस्टचा तिसरा आठवडा. सप्टेंबरअखेरीला सव्वा महिना शिल्लक. ३० जून चुकली तरी मावशींचा एक रुपया जाणार नाही, वाटेत काही अडकलं नाही तर. सगळ्यांचं गणित असं बसत नाही. ज्याचं व्याज महिन्याला जमा होतं किंवा ज्याचा परतावा अडकलाय, त्याला झळ बसतेच. पण दाराशी उभ्या अकरा जणांतल्या निम्म्यांना फक्त तारखेची भीती आहे, त्या तारखेला आपल्यावर नक्की काय येणार हे ठाऊक नाही.

संध्याकाळी ५:४०

मंडळी परत आली. मावशी थकलेल्या. त्यांच्या हाताला केंद्रावरच्या सॅनिटायझरचा वास येत होता.

पुतण्याचा प्रश्न रास्त होता. "आधारवर एक जून करून घेऊ ना. दाखल्यावर तेच आहे. पॅन कशाला बदलायचं?"

हेच ठरवणं अवघड असतं आणि ते कुठला पडदा सांगत नाही. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे आयुष्यात एकदाच बदलता येते. ती संधी एका मास्तरनं लिहिलेल्या तारखेवर खर्च करायची का? शिवाय हा दाखला जुना, त्यावर फोटो नाही. आधार केंद्रात तो चालेल याची खात्री नाही, आणि फेटाळला तर महिना जाईल. पॅनला अशी मोजून दिलेली संधी नाही, आणि तिथे जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधारच चालतं.

पण माझ्या दृष्टीनं निकाल लिंगानं लावला. ती चूक फक्त पॅनमध्ये आहे. म्हणजे पॅनची दुरुस्ती कशीही करावीच लागणार. मग त्याच अर्जात, त्याच शुल्कात, तारीखही आधारसारखी करून घेतली की एका फेरीत दोन्ही मिटतात.

समजा मावशींना नवऱ्याच्या नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन असतं आणि त्या कागदांवर एक जून असता, तर मी उलटा सल्ला दिला असता. मग आधारच बदला, कितीही वेळ लागो. कारण पॅन दुरुस्त करून तिथला घोळ उद्यावर ढकलला गेला असता. मावशींना विचारलं, एक जून अजून कुठे आहे? बराच वेळ आठवून म्हणाल्या, "विम्याची पावती हाय एक. पण ती फिटली."

"मग एक जानेवारी करूया?"

"करा. मला काय कुणी केक कापायचाय?"

संध्याकाळी ६:१५

अर्ज भरला. यात एक बारीक फट आहे, तिच्यातून कित्येक अर्ज पडतात. दुरुस्तीच्या अर्जात प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक छोटी चौकट असते. जे बदलायचं, त्याच्याच चौकटीत खूण करायची. नवी तारीख नीट लिहिली पण चौकट कोरी ठेवली, तर ती तारीख बदलायची आहे असं समोरच्याला वाटतच नाही. पैसे जातात, नवं कार्ड घरी येतं, त्यावर जुनीच तारीख. तुम्हाला वाटतं दुरुस्ती झाली, आणि जोडणी चौथ्यांदा पडते. मी लिंग आणि जन्मतारीख या दोन चौकटींवर खूण केली, बाकीच्या कोऱ्या ठेवल्या. पुतण्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

मग सही. अंगठा द्यावा म्हणून त्यांनी शाईकडे हात नेला, तो मी थांबवला. पॅनच्या अर्जावर अंगठा उठवला तर तो राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी किंवा नोटरीनं साक्षांकित करावा लागतो. आणखी एक दिवस, आणखी एक रांग. चौथी शिकलेल्या आहेत, बँकेत सही करतात.

"इथे करा, मावशी. डावीकडच्या फोटोवर अर्धी, कागदावर अर्धी. उजवीकडच्या फोटोला हात लावू नका."

पेन घट्ट धरून त्यांनी शा काढला, लगेच ल, मग न वर थोड्या थांबल्या. अंगठा सगळ्या मशीननी नाकारला होता आज. सही मात्र पहिल्या फटक्यात चौकटीत बसली.

संध्याकाळी ७:३०

ज्ञानेश्वररावांची स्थिती बघितली. जोडणी झालीय. फोन केला, तर मागे टाळ वाजत होते. कुठल्यातरी दिंडीत जेवण वाढायला गेले होते. "झालं का? बरं झालं. मॅडम, आता ते आधारवर ग्यानेश्वरचं ज्ञानेश्वर करून घेऊ का?"

नाव आधारमध्ये दोनदाच बदलता येतं, म्हटलं. एकादशी झाल्यावर या, तेव्हा बघू.

मावशींच्या पाकिटावर पोचपावतीचा पंधरा आकडी क्रमांक लिहिला, तोच माझ्या वहीत उतरवला, पुढे '१५ जुलैला स्थिती बघणे'. आणि खाली स्वतःसाठी एक ओळ. जुन्या सगळ्या अशिलांचं प्रोफाइल उघडून लिंगाचा रकाना तपासणे. उद्या सकाळी पहिल्या फोनच्या आधी.